नोंदणी विवाहाची नोटीस, तीस दिवसांची मुदत आणि हरकती

आपल्या धर्मप्रांतातील धर्मग्रामांत आंतरधर्मीय विवाह ही आता क्वचित घडणारी गोष्ट राहिलेली नाही. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने मुंबई, पुणे, बेंगळुरू अशा शहरांत गेलेली आपली मुलेमुली ख्रिस्तेतर जोडीदार निवडतात आणि घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘कोर्ट मॅरेज’. हा शब्द तोंडी रुळला असला, तरी त्यामागचा कायदा फार थोड्यांना ठाऊक असतो. मुळात हा विवाह कोर्टात होत नाही. तो विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतो आणि त्यात न्यायाधीशाचा काहीही संबंध नसतो. न्यायालयाचा प्रश्न येतो तो केवळ हरकत मान्य होऊन अधिकाऱ्याने विवाह लावण्यास नकार दिला तरच.

भिन्न धर्मांच्या दोन व्यक्तींना आपापला धर्म न सोडता विवाह करता यावा, यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ हा कायदा आहे. कोणीही धर्मांतर करण्याची त्यात गरज नाही. या कायद्याचा कणा म्हणजे नोटीस आणि तिच्यानंतरची तीस दिवसांची मुदत. बहुतेक अडचणी याच ठिकाणी उद्भवतात, म्हणून प्रस्तुत लेखात त्याच भागाचा विचार केला आहे. (गोव्यात विवाहाच्या नागरी नोंदणीची स्वतंत्र पद्धत आहे. तेथील भाविकांनी हे विवेचन स्वतःला लागू समजू नये.)

नोटीस कोठे व कधी द्यावी

वधू किंवा वर यांपैकी किमान एकाने ज्या जिल्ह्यात नोटीस देण्याच्या दिवसापूर्वी सलग तीस दिवसांहून कमी नाही इतके वास्तव्य केलेले आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे दोघांनी सही करून विहित नमुन्यात लेखी नोटीस द्यावयाची असते. वाक्य साधे आहे, परंतु त्यात दोन तीस-दिवस दडलेले आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिले तीस दिवस वास्तव्याचे, ते नोटिशीच्या आधीचे. दुसरे तीस दिवस हरकतीचे, ते नोटीस प्रसिद्ध झाल्यानंतरचे. एखादा तरुण नुकताच दुसऱ्या जिल्ह्यात राहावयास गेला असेल आणि तेथेच विवाह करू इच्छीत असेल, तर त्याला प्रत्यक्षात दोन महिन्यांची तयारी ठेवावी लागते. तो मूळ जिल्ह्यात नोटीस देऊ शकतो का, किंवा जोडीदाराचा जिल्हा अधिक सोयीचा आहे का, हे आधी पाहिल्यास एक महिना वाचतो.

नोटिशीचा अर्ज महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. मात्र मूळ कागदपत्रे तपासली जातातच. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा आणि छायाचित्रे ही नेहमीची मागणी. कोणी घटस्फोटित असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा, विधवा वा विधुर असल्यास पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला. आपल्या लोकांची गाडी अडते ती नावावर. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधार कार्डावर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग, असे पुष्कळदा आढळते. वसई परिसरातील जुन्या कागदांवर जिल्हा ठाणे असतो आणि नव्यांवर पालघर, कारण पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. हे दोष विवाहाला बाधक नाहीत, पण ते दुरुस्त करण्यात आठवडे जातात आणि तोवर नोटीसच स्वीकारली जात नाही. म्हणून सभागृहाची तारीख ठरविण्यापूर्वी दोघांचे कागद एकदा टेबलावर शेजारी ठेवून पाहावेत, असे सुचवावेसे वाटते.

प्रसिद्धी आणि तीस दिवसांची मोजणी

नोटीस आली की विवाह अधिकारी ती विवाह नोटीस वहीत नोंदवितो. ही वही कोणासही विनाशुल्क पाहता येते. त्यानंतर नोटिशीची प्रत कार्यालयातील सहज दिसेल अशा ठिकाणी लावली जाते. दोघांपैकी एखादी व्यक्ती कायमची दुसऱ्या जिल्ह्यातील रहिवासी असेल, तर तेथील विवाह अधिकाऱ्याकडेही प्रत पाठविली जाते आणि तो ती आपल्या कार्यालयात लावतो.

आपणा कॅथोलिकांना ही कल्पना अपरिचित नाही. चर्चमध्ये विवाहापूर्वी रविवारच्या मिस्सावेळी वधूवरांची नावे जाहीर केली जातात आणि कोणास बाधा ठाऊक असल्यास ती सांगण्याचे आवाहन केले जाते. शासनाची नोटीस ही तिचीच नागरी बहीण म्हणावयास हरकत नाही. फरक असा की, चर्चमधील घोषणा वधूवरांच्या ओळखीच्या समाजापुढे होते, तर ही नोटीस अनोळखी माणसासही पाहावयास मोकळी असते.

मोजणी कशी होते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. वसई तालुक्यातील एक कॅथोलिक मुलगी आणि नाशिकचा एक हिंदू मुलगा यांनी पालघर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे ३ मार्च रोजी नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली. मुलगा नाशिकचा कायम रहिवासी असल्याने एक प्रत नाशिकला गेली. हरकतीची तीस दिवसांची मुदत पालघरच्या कार्यालयात नोटीस लागल्यापासून मोजली जाते. ती २ एप्रिल रोजी संपते. म्हणजे ३ एप्रिलपासून विवाह लावता येतो. अर्ज संकेतस्थळावर भरला तो दिवस किंवा शुल्क भरले तो दिवस या मोजणीत धरला जात नाही. नोटीस लागण्यास चार दिवस उशीर झाला तर पुढील सर्व तारखा चार दिवसांनी सरकतात, म्हणून नोटीस कोणत्या दिवशी लागली हे कार्यालयात विचारून लिहून ठेवावे.

वरची बाजूही आहे. नोटीस दिल्यापासून तीन कॅलेंडर महिन्यांच्या आत विवाह झाला नाही, तर ती नोटीस रद्द होते आणि सर्व पुन्हा सुरू करावे लागते. ही मुदत मात्र नोटीस दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते, प्रसिद्धीपासून नव्हे. वरील जोडप्याला एकूण ३ एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत साधारण दोन महिन्यांची खिडकी मिळते. मे महिन्यात नातेवाईक येतील म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच नोटीस देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, त्यांची मुदत मेच्या पहिल्या आठवड्यात संपते. फार लवकर नोटीस देणे हेही नुकसानीचे असते.

हरकत कोण घेऊ शकतो आणि कशावर

कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. ती नातेवाईकच असली पाहिजे असे नाही. परंतु कोणत्याही कारणावर हरकत घेता येत नाही. कायद्याने ठरविलेली कारणे मोजकी आहेत. दोघांपैकी कोणाचा पूर्वीचा जोडीदार हयात असणे, वधूची १८ वर्षे वा वराची २१ वर्षे पूर्ण नसणे, मानसिक अवस्थेमुळे वैध संमती देण्यास वा विवाहाची कर्तव्ये पार पाडण्यास असमर्थ असणे, आणि परस्परांशी निषिद्ध नातेसंबंध असणे. एवढेच. धर्म वेगळा आहे ही हरकत नव्हे. आईवडिलांना मान्य नाही ही हरकत नव्हे. जात, पगार, पूर्वीचे प्रेमप्रकरण, मुलांचा धर्म कोणता राहील, यांपैकी काहीही या वहीत हरकत म्हणून टिकत नाही. लेखकाच्या मते हे वाक्य दोन्ही घरच्या मंडळींनी शांतपणे वाचण्यासारखे आहे. रागाच्या भरात कार्यालयात जाऊन ‘आमची परवानगी नाही’ असे सांगणारे पालक केवळ आपल्या मुलांशी असलेले नाते ताणतात. विवाह त्याने थांबत नाही.

हरकतीची पद्धतही ठरलेली आहे. हरकतीचे स्वरूप अधिकारी नोटीस वहीत लिहितो, आवश्यक वाटल्यास ते हरकतदाराला वाचून समजावून सांगतो आणि त्याखाली त्याची किंवा त्याच्या वतीने कोणाची तरी सही घेतली जाते. म्हणून निनावी पत्र किंवा दूरध्वनीवरील धमकी ही कायद्याच्या अर्थाने हरकत ठरत नाही. हरकत नोंदविली गेली की अधिकाऱ्याने चौकशी करावयाची आणि ती हरकतीच्या तारखेपासून तीस दिवसांत संपवावयाची असते. साक्षीदारांना बोलाविणे, शपथेवर जबाब घेणे, कागदपत्रे मागविणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला या कामापुरते असतात. हरकत वाजवी नव्हती आणि सद्भावनेने घेतलेली नव्हती असे दिसल्यास हरकतदाराकडून कमाल एक हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई दिली जावी असा आदेश तो देऊ शकतो. १९५४ साली ही रक्कम मोठी होती. आज ती कोणाला रोखण्यास फारशी पुरेशी नाही, हे मान्य करावे लागेल.

आपल्या उदाहरणात समजा, मुलाच्या गावातील एका इसमाने २८ मार्च रोजी येऊन सांगितले की, मुलाचा पूर्वी विवाह झालेला आहे. ही हरकत कायद्याच्या कारणात बसते, म्हणून तिची चौकशी होणारच. अधिकाऱ्याला २७ एप्रिलपर्यंत वेळ आहे. मुलाने न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा सादर केला तर हरकत फेटाळली जाते आणि विवाह लागतो. पण नोटिशीची मूळ तीन महिन्यांची मुदत चालूच असते, चौकशीमुळे ती वाढत नाही. चौकशी लांबली तर हातात उरतो एक महिना. उलट, हरकत मान्य होऊन अधिकाऱ्याने नकार दिल्यास दोघांपैकी कोणीही नकाराच्या तारखेपासून तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करू शकते. तेथील निर्णय अंतिम असतो, आणि अशा वेळी तीन महिन्यांची मोजणी त्या निर्णयापासून नव्याने होते.

‘पूर्वीचा जोडीदार’ या कारणात आपल्या समाजाशी खास संबंध असलेला एक मुद्दा आहे. चर्चच्या न्यायाधिकरणाने पूर्वीचा विवाह शून्य ठरविला असेल, तर ती व्यक्ती ख्रिस्तसभेच्या दृष्टीने मोकळी होते. परंतु देशाच्या कायद्यापुढे तो निर्णय घटस्फोट मानला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे स्पष्ट केलेले आहे. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नसेल तर विवाह अधिकारी अशा व्यक्तीस विवाहितच समजतो. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. न्यायालयाचा घटस्फोट मिळाला म्हणून कॅथोलिक व्यक्ती चर्चमध्ये दुसरा विवाह करण्यास मोकळी होत नाही.

नोटीस घरी येते का

अनेक जोडप्यांची खरी धास्ती हीच असते. कायद्यात केवळ कार्यालयात नोटीस लावण्याची तरतूद आहे, घरच्या पत्त्यावर पाठविण्याची नाही. दिल्लीत पूर्वी पोलीस ठाण्यामार्फत अशी नोटीस घरी पाठविली जात असे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ही प्रथा बेकायदेशीर ठरविली. तथापि कायम पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील असल्यास प्रत त्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाते आणि बातमी गावात पोहोचते ती बहुधा तेथून. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने, जोडप्याने लेखी मागणी केली तरच नोटीस प्रसिद्ध करावी, अन्यथा करू नये, असा निर्णय दिला. त्याचा आधार खाजगी जीवनाच्या मूलभूत हक्काचा होता. तो उत्तर प्रदेशातील कार्यालयांवर बंधनकारक आहे. मूळ कायद्यातील कलम मात्र जसेच्या तसे आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील जोडप्यांनी तीस दिवसांची प्रसिद्धी गृहीत धरूनच आखणी करावी. घरातून जिवाला धोका असेल, तर मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा पोलिसांवर संरक्षण देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. त्यासाठी लेखी अर्ज नोटीस देण्यापूर्वीच करणे शहाणपणाचे.

तीस दिवसांची ही वाट टाळण्यासाठी काही मध्यस्थ ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ करून देतो म्हणून सांगतात. विशेष विवाह कायद्याखाली हे शक्यच नाही. ते प्रत्यक्षात काय करतात, तर एखाद्या खोलीत हार घालून हिंदू पद्धतीचा विधी लावतात आणि त्याची नोंदणी हिंदू विवाह कायद्याखाली करून देतात. हा कायदा दोन्ही पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो. आंध्र प्रदेशात १९९६ साली एका रोमन कॅथोलिक पुरुषाचा आणि हिंदू स्त्रीचा विवाह असाच मंदिरात झाला आणि हिंदू विवाह कायद्याखाली नोंदविला गेला. पुढे पत्नीने तो शून्य ठरवावा म्हणून दावा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने तो विवाह मुळापासून शून्य असल्याचा निर्णय कायम ठेवला. हातात नोंदणीचा दाखला होता, तरीही. तेव्हा कोणी दाखला दाखविला तर त्यावर कोणत्या कायद्याचे नाव छापले आहे, ते प्रथम वाचावे. विशेष विवाह कायद्याच्या दाखल्यावर विवाह अधिकाऱ्याची, दोघांची आणि तीन साक्षीदारांची सही असते.

चर्चची परवानगी कोठे येते

येथवर देशाच्या कायद्याचा विचार झाला. कॅथोलिक व्यक्तीसाठी दुसरी एक बाजू आहे. स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी कॅथोलिकाचा विवाह ख्रिस्तसभेच्या नियमानुसार बाधित आहे आणि बिशपांकडून विशेष सूट मिळाल्याशिवाय तो वैध होत नाही. त्याखेरीज कॅथोलिकाने धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर विवाह करणे आवश्यक आहे. केवळ विवाह अधिकाऱ्यापुढे लागलेला विवाह त्यामुळे कायद्याने पूर्ण असूनही ख्रिस्तसभेच्या दृष्टीने वैध ठरत नाही. मात्र हे अनेकांना ठाऊक नसते की, सबळ कारण असल्यास बिशप विवाहाच्या या विधिस्वरूपातूनही सूट देऊ शकतात. तशी सूट आधी घेतलेली असेल, तर विवाह अधिकाऱ्यापुढील संमतीच ख्रिस्तसभेतही वैध विवाह ठरते. जोडीदाराचे कुटुंब चर्चमध्ये येण्यास राजी नसेल, तेथे ही वाट विचारात घेण्यासारखी असते.

या सुटीसाठी कॅथोलिक पक्षाने आपली श्रद्धा जपण्याची तयारी जाहीर करावयाची असते आणि मुलांना स्नानसंस्कार व कॅथोलिक संगोपन देण्यासाठी आपल्या परीने सर्व ते करण्याचे वचन द्यावयाचे असते. दुसऱ्या पक्षाकडून वचन मागितले जात नाही, त्याला या वचनाची वेळेवर माहिती दिली जाते. ‘लग्नासाठी ख्रिस्ती व्हावे लागेल’ असा जो समज त्यांच्या घरात पसरतो, तो चुकीचा आहे आणि तो धर्मगुरूंनी त्यांना प्रत्यक्ष भेटून दूर केलेला बरा. सुटीचा अर्ज प्रमुख धर्मगुरूंमार्फत जातो. त्यास लागणारा काळ आणि नोटिशीचे तीस दिवस एकाच वेळी चालू शकतात, म्हणून धर्मगुरूंची भेट नोटिशीच्या आधी घ्यावी, नंतर नव्हे.

येथे एक प्रश्न नेहमी येतो. चर्चमध्येच विवाह करावयाचा असेल तर नोटीस हवीच का? भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ हा दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लागू होतो. म्हणून सूट घेऊन चर्चमध्ये धर्मगुरूंसमोर झालेला विवाह कायद्यानेही विवाहच आहे, त्यासाठी वेगळे ‘कोर्ट मॅरेज’ करण्याची सक्ती नाही. चर्चमध्ये विवाह झाल्यावर परदेशी व्हिसा किंवा अन्य कारणाने विशेष विवाह कायद्याचाच दाखला हवा असेल, तर त्याच कायद्याखाली आधी झालेल्या विवाहाची नोंदणी करता येते. पण तेथेही तीस दिवसांची जाहीर नोटीस आहेच, आणि नोंदणीच्या वेळी दोघांचेही वय २१ पूर्ण असावे लागते. आधी झालेला विवाह लपवून पुन्हा नव्या विवाहाची नोटीस देऊ नये, कारण त्या नमुन्यात अविवाहित असल्याचे लिहावे लागते.

विवाहाच्या दिवशी

मुदत संपल्यावर दोघे आणि तीन साक्षीदार अधिकाऱ्यापुढे विहित घोषणापत्रावर सह्या करतात. विवाह कार्यालयातच लावावा असे बंधन नाही. जादा शुल्क भरून, वाजवी अंतरावर असलेल्या दुसऱ्या ठिकाणीही अधिकाऱ्यास बोलाविता येते. विधी कोणता करावा हे कायदा सांगत नाही. परंतु अधिकारी आणि साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत, एकाने दुसऱ्यास ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी’ आणि दुसऱ्याने ‘मी तुम्हाला माझे कायदेशीर पती’ म्हणून स्वीकारतो वा स्वीकारते, असे उच्चारले नाही, तर विवाह पूर्ण होत नाही. मराठीत म्हटले तरी चालते. साक्षीदारांनी आपल्या ओळखपत्राची मूळ प्रत आणावी. तिघांपैकी एक जण आयत्या वेळी आला नाही, तर त्या दिवशी विवाह लागत नाही. म्हणून चौथ्या माणसास बरोबर येण्यास सांगून ठेवावे.